फुकटचं व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर: पक्कं करायच्या आधी एक संध्याकाळ त्याला राबवून बघा

माझा भाचा चोपड्याकडे असतो. घरची केळी आहे, दोन्ही हंगामांत लावतात, मृगबाग पण आणि कांदेबाग पण, आणि गेल्या दिवाळीपासून त्याच्या डोक्यात बसलंय की दर रविवारी केळीवर एक व्हिडिओ टाकायचा, खत कधी, घड कापणी कशी, ठिबकची नळी चोंदली तर काय करायचं असलं सगळं. पहिला व्हिडिओ बनवला आणि मला फोन, "मामा, चित्र पुढे जाई ऱ्हायनं आन् आवाज मांगे पडी ऱ्हायना, हाई काय शे?" मी विचारलं सॉफ्टवेअर कोणतं घेतलं, तर म्हणे यूट्यूबवर एकाने "टॉप टेन फ्री एडिटर" सांगितले त्यातलं तीन नंबरचं, कारण त्यात इफेक्ट खूप होते.

नेमकं इथंच बहुतेकांचं चुकतं. नवीन माणूस सॉफ्टवेअर निवडतो ते त्यातले इफेक्ट मोजून, आणि रडतो कशाने तर आवाज सरकला, मराठी अक्षर फुटलं, लाईट गेली आणि दोन तासांचं काम गेलं, नाहीतर शेवटी एक्स्पोर्ट दाबल्यावर कळलं की कोपऱ्यात कंपनीचं नाव छापून येतंय. यातलं काहीच जाहिरातीत दिसत नाही, पण एका संध्याकाळी घरबसल्या तपासता येतं. ते कसं तपासायचं तेच सांगतो, भाच्याचंच उदाहरण घेऊन, कारण त्याचं सामान तुमच्यासारखंच साधं आहे: ८ जीबी रॅमचा आय-थ्री लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी मेलेली, म्हणजे प्लगवरच चालतो, आणि शूटिंग साध्या अँड्रॉइड फोनवर.

आधी "फुकट" म्हणजे नेमकं काय ते बघा

फुकट सगळं सारखं नसतं. एक असतं खरंखुरं फुकट, म्हणजे ओपन सोर्स, त्यात पैसे भरून उघडायचं असं काही लपवलेलंच नसतं. शॉटकट आणि केडेनलाईव्ह यात येतात. दुसरं असतं मोठ्या पेड सॉफ्टवेअरची फ्री आवृत्ती, जसं डाविंची रिझॉल्व्ह. त्यात फ्रीवाल्यालाही भरपूर मिळतं, ३८४० बाय २१६० पर्यंत आणि ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देतं, पण काही टूल पेड स्टुडिओ आवृत्तीसाठी राखीव आहेत, व्हिडिओतले दाणे कमी करायचं नॉईज रिडक्शन त्यातलंच, ते फ्रीमध्ये लावलं की चित्रावर कंपनीचा छाप, म्हणजे वॉटरमार्क, येतो. तिसरं असतं ट्रायल, एडिट हवं तेवढं करा पण स्वच्छ एक्स्पोर्ट हवं तर पैसे. ट्रायलला फुकट म्हणणं म्हणजे लग्नात जेवायला बसवून ताट उचलताना बिल देणं. आणि चौथं, पेनड्राइव्हवर फिरणारं क्रॅक केलेलं, त्याबद्दल एवढंच की ते चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, मग पुढे काय होतं ते समजून घ्या.

मी स्वतः ट्रायलमध्ये सापडलेलो आहे. गावात सप्ताह होता, काल्याचं कीर्तन दोन कॅमेऱ्यांनी घेतलं, एका मोबाईल ॲपात रात्रभर बसून जोडलं, सकाळी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं म्हणून सेव्ह दाबलं तर ॲप म्हणतं मोठा व्हिडिओ हवा असेल तर प्लॅन घ्या, नाहीतर छोट्या साईजमध्ये न्या. आणि ते अर्धवट काम दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल तर तेही नाही. पुन्हा पहिल्यापासून बसलो.

मोबाईल ॲपचं हे दुसरं दुखणं आहे. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर विवाव्हिडिओ पण होतं, जे आपल्याकडे स्टेटस बनवणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये बरंच असायचं. बनवून झालेले व्हिडिओ गॅलरीत राहतात, पण ॲपातलं अर्धवट काम फक्त त्याच ॲपाला वाचता येतं. एखादं रील करायला मोबाईल ॲप मस्त आहे, मी पण वापरतो, पण दर आठवड्याचं काम असेल, मागच्या वर्षीचा व्हिडिओ उघडून त्यातला तुकडा घ्यायची वेळ येणार असेल, तर कॉम्प्युटरवरचंच घ्या.

म्हणून भाच्यासाठी नावं तीनच ठेवली: शॉटकट, केडेनलाईव्ह, रिझॉल्व्ह. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आयतं येतं, १०८० पर्यंत विना वॉटरमार्क एक्स्पोर्ट देतं, पण मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं आणि भाच्याचं विंडोज १० आहे, म्हणून सोडलं. डाउनलोड करताना सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, पत्ता हाताने टाका: `shotcut.org`, `kdenlive.org`, आणि रिझॉल्व्हसाठी `blackmagicdesign.com`. नावात एक अक्षर इकडंतिकडं केलेल्या साईट असतात, त्यांच्या इन्स्टॉलरबरोबर भलतंच काहीतरी येतं.

रिझॉल्व्ह मात्र पहिल्याच दिवशी यादीतून गेलं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. कलरचं काम त्याच्यासारखं फुकटात कोणी देत नाही, पण त्याला किमान १६ जीबी रॅम हवी असं बनवणारेच सांगतात आणि सगळा भार ग्राफिक्स कार्डवर टाकतं, आपल्या ८ जीबीत ते उघडलं, क्लिप टाकली आणि पंखा असा फिरायला लागला की जणू मळ्यातली मोटारच. तुमच्याकडे १६ जीबी आणि ४ जीबीचं तरी ग्राफिक्स कार्ड असेल तर पुढच्या सगळ्या परीक्षा त्याच्यावर पण घ्या. लिनक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, लिनक्सवर रिझॉल्व्हची फ्री आवृत्ती एच.२६४ या नेहमीच्या पद्धतीत साठवलेले फोनचे व्हिडिओ उघडतच नाही, आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावे लागतात. हे न कळल्यामुळे सॉफ्टवेअरच खराब आहे म्हणून काढून टाकणारे पाहिलेत.

परीक्षेची क्लिप: मुद्दाम वाईट घ्या

सॉफ्टवेअर तपासायला लोक दहा सेकंदांची फुलाची क्लिप टाकतात, त्यात सगळंच छान चालतं. तुमचं रोजचं काम जसं असेल त्यातलं वाईटात वाईट घ्या. भाच्याला सांगितलं, फोन स्टँडला लाव, रेकॉर्डिंग सुरू कर, कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजव, मग २० मिनिटं न थांबता बागेतून बोलत फीर, वारा येऊ दे, ऊन-सावली होऊ दे, आणि बंद करायच्या आधी परत एक टाळी. फोनच्या सेटिंगमध्ये १०८०, ३० फ्रेम. फोन बहुतेक वेळा एच.२६५ नाहीतर एच.२६४ असं विचारतो, "हाय एफिशियन्सी" असं काही लिहिलेलं असेल तर ते बंद ठेवा, कारण एच.२६५ ची फाईल जागा कमी घेते पण जुन्या लॅपटॉपला ती सोडवताना घाम फुटतो. एच.२६४ मध्ये २० मिनिटांची फाईल साधारण अडीच जीबी होते, जागा तेवढी ठेवा.

आणि ती फाईल केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून बारीक होते, मग तुम्ही परीक्षा कशाची घेताय तेच राहत नाही. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टाळीची परीक्षा

आता भाच्याचा आवाज मागे का पडत होता ते. फोन म्हणतो ३० फ्रेम, पण तो बऱ्याचदा सेकंदाला नेमक्या ३० घेत नाही. अंधार झाला, फोन तापला, प्रोसेसर दुसरीकडे गुंतला की फ्रेम कमी-जास्त होतात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र ठरलेल्या गतीनेच रेकॉर्ड होतो. एडिटिंग सॉफ्टवेअरने प्रत्येक फ्रेमची खरी वेळ न बघता नुसतं "३० आहेत" असं धरून ओळीने मांडल्या की चित्र आणि आवाज सुटतात. हिशोब करून बघा: सरासरी २९.९७ पडली तर २० मिनिटांत ३५,९६४ फ्रेम होतात, त्या सेकंदाला ३० ने चालवल्या तर १,१९८.८ सेकंदांत संपतात, म्हणजे शेवटाला चित्र १.२ सेकंद आधी संपतं. सुरुवातीला काहीच कळत नाही, पाचव्या मिनिटाला काहीतरी खटकतं आणि शेवटाला ओठ बंद झाल्यावर शब्द येतो.

म्हणून दोन टाळ्या. क्लिप टाइमलाइनवर टाका, पहिल्या टाळीपाशी जा, बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम सरका, दोन्ही तळवे भिडतात ती फ्रेम आणि खाली आवाजाच्या पट्टीत जो उंच काटा आहे तो एका रेषेत आहेत का बघा. मग शेवटच्या टाळीपाशी तेच. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, एखाद्या फ्रेमचा फरक पडला तर कोणाला कळत नाही, पण शेवटाला चार-पाच फ्रेम किंवा जास्त सरकलं असेल तर ते सॉफ्टवेअर तुमच्या फोनच्या फाईलला आहे तशी सांभाळू शकत नाही असं समजा.

फाईल कशी आहे ते आधी कळायला मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट टूल आहे, त्यात फाईल टाकली की `Frame rate mode` समोर `Variable` नाहीतर `Constant` लिहून येतं. भाच्याच्या फाईलला अर्थातच `Variable` होतं.

शॉटकटची मला आवडलेली गोष्ट ही की ते अशी फाईल टाकल्या टाकल्या ओळखतं आणि ही एडिटिंगला भरवशाची नाही, एडिटला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलू का असं स्वतःच विचारतं. तीन दर्जे देतं, आपल्या कामाला पहिला, सगळ्यात हलका, पुरतो. वरचे घेतले तर फाईल दहापटीच्या पुढे फुगू शकते आणि २५६ जीबीची डिस्क एका महिन्यात भरते. नवखा माणूस त्या प्रश्नाला वैतागून "नको" दाबतो आणि मग आवाज सरकला म्हणून ओरडतो. सॉफ्टवेअर कोणतंही असो, एक रस्ता सगळीकडे चालतो, तो म्हणजे फाईल आधीच सरळ करून घ्यायची. हँडब्रेक नावाच्या फुकट टूलमध्ये व्हिडिओच्या टॅबवर ३० फ्रेम निवडून `Constant Framerate` वर टिक करा, किंवा कमांडची भीती नसेल तर एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या फुकट टूलने:

```
ffmpeg -i shet.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k shet_saral.mp4
```

यात वेळ जातो, भाच्याच्या लॅपटॉपवर चहा-नाश्ता करून, गुरांना चारा टाकून येईपर्यंत चालू होतं, पण दर आठवड्याला फाईल आणली की पहिलं काम हेच अशी सवय लावली की विषय मिटतो. मूळ फाईल लगेच डिलीट करू नका, बदललेली पूर्ण वाजवून बघा, मग काय ते करा.

मराठी अक्षराची परीक्षा

इंग्रजी यूट्यूबरला हे कधी तपासावं लागत नाही म्हणून त्यांच्या कुठल्याच व्हिडिओत हे येत नाही, आणि आपल्याला नेमकं इथंच ठेचाळायला होतं. टायटल घेऊन ही ओळ टाका: "शेतकऱ्यांच्या ठिबक सिंचनातील त्रुटी". चार गोष्टी बघायच्या. ठिबक आणि सिंचनमधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे आली का. त्रु एकसंध आहे का, की पाय मोडलेला त आणि त्याच्यापुढे रु वेगळा उभा आहे. सगळ्यात वरच्या वेलांटीचं टोक चौकटीत कापलं गेलंय का. आणि "ऱ्या" बरोबर, आडव्या रफारासकट आला का, की त्याचा "र्या" झाला. शेवटचं सगळ्यात फसवं, कारण दिसायला तेही अक्षरच दिसतं, पण आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांना दिले असा निरोप जातो. आपल्या अहिराणीत तर "करी ऱ्हायनू", "जाई ऱ्हायना" केल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, तिथे ऱ्ह फुटला की सगळी सबटायटलं वाया.

ही ओळ साध्या रूपात नीट दिसली म्हणजे झालं असं पण नाही. त्याच ओळीला अक्षरांमधली मोकळी जागा वाढवून बघा, शिरोरेघ तुटते. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर येणारा इफेक्ट लावून बघा, काही सॉफ्टवेअर आधी "ठ" दाखवतात आणि मग वेलांटी उडी मारून डावीकडे जाते, बघणाऱ्याला हसू येतं. म्हणजे ज्या तयार टेम्पलेटांच्या मोहाने सॉफ्टवेअर घेतलं त्यातली अर्धी मराठीला चालतच नाहीत. ती आपली मर्यादा समजून वाक्य अख्खं हळूच उजळत आणणारा साधा फेड वापरावा, असं माझं मत.

फॉन्टचं पण बोलून घेऊ. पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर आणला की तो बऱ्याचदा श्रीलिपीत नाहीतर तसल्याच जुन्या पद्धतीत असतो, तो चिकटवला की कचरा अक्षरं दिसतात, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, मजकूर युनिकोडमध्येच घ्या. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. भाच्याने मुक्ता घेतला, शॉटकटमध्ये फिल्टरमधून `Text: Simple` लावलं आणि ओळ पहिल्या झटक्यात नीट आली. केडेनलाईव्हमध्येही आली, त्याचं टायटल बनवायचं खिडकीचं टूल उलट जास्त सोयीचं वाटलं, नाव खाली पट्टीत द्यायचं असेल तर तिथे पट्टी आणि अक्षर एकाच ठिकाणी मांडता येतं.

लाईट गेली तर

आपल्याकडे ही परीक्षा सगळ्यांत आधी घ्यायला हवी. भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी नाही म्हणजे लाईट गेली की काळोख. आता खरोखर प्लग काढायची गरज नाही, डिस्कला उगाच झटका. दहा मिनिटं काम करा, मुद्दाम सेव्ह करू नका, घड्याळ बघा, मग `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा, सॉफ्टवेअरवर क्लिक करून `End task`. परत उघडा. चांगलं सॉफ्टवेअर विचारतं की आधीचं न सेव्ह केलेलं सापडलंय, परत आणू का. आणलं तर शेवटचा कट किती वाजताचा आहे ते बघा, म्हणजे तुमचं किती मिनिटांचं जातं ते कळलं. शॉटकट आणि केडेनलाईव्ह दोन्ही विचारतात. रिझॉल्व्हमध्ये `Live Save` आणि `Project Backups` हे प्रेफरन्समध्ये जाऊन एकदा बघून ठेवावं.

एक बारीक गोष्ट: प्रोजेक्टला नाव देऊन एकदा तरी सेव्ह केल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका. नाव नसलेलं काम परत येईलच याचा भरवसा मी कोणत्याच सॉफ्टवेअरवर ठेवणार नाही.

गाडी ओढते का

आता त्या २० मिनिटांच्या क्लिपवर तीस-चाळीस कट मारा, दोन टायटल, खाली एक संगीताची पट्टी. कट मारायला बटण कोणतं ते पहिल्या तासात हाताला बसलं पाहिजे. शॉटकटमध्ये `S` ने तोडायचं आणि `X` ने तो तुकडा काढून मागचं पुढे ओढून घ्यायचं, भाच्याने दोन बोटांत निम्मं काम केलं. मग मधूनच प्ले करा. अडखळत असेल तर लगेच नापास करू नका, प्रॉक्सी लावून बघा. प्रॉक्सी म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या क्लिपची एक बारीक, हलकी प्रत बनवतं, काम त्या प्रतीवर दाखवतं आणि एक्स्पोर्टला मूळ मोठी फाईल वापरतं. शॉटकटमध्ये `Settings`, मग `Proxy`, मग `Use Proxy`. केडेनलाईव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा वेगळा टॅबच आहे. प्रॉक्सी लावूनही अडखळत असेल तर मात्र ते सॉफ्टवेअर आणि तो लॅपटॉप यांचं जमणार नाही.

प्रॉक्सी चालू असताना चित्र अंधुक दिसतं त्याने घाबरू नका, पण फोकस बरोबर आहे का हे तपासायचं असेल तेव्हा ती बंद करून बघा. भाच्याने पानावरचा करप्याचा ठिपका दाखवला होता, प्रॉक्सीत तो दिसेना म्हणून शॉटच काढून टाकायला निघाला होता.

एक्स्पोर्ट पहिल्याच दिवशी करा

लोक महिनाभर शिकतात आणि मग एक्स्पोर्ट दाबतात. उलट करा. पहिल्या तासात दोन मिनिटांचा तुकडा बाहेर काढा, टायटलसकट, संगीतासकट, तुम्ही वापरणार असाल ते सगळे इफेक्ट लावून, कारण वॉटरमार्क काही वेळा नुसत्या व्हिडिओवर येत नाही, एखादा पेड इफेक्ट लावला की येतो. ती फाईल फोनवर घेऊन बघा, कोपरे बघा, शेवटचे पाच सेकंद बघा, काही जण आपलं नाव शेवटाला चिकटवतात. आणि परत मीडियाइन्फोत टाकून १९२० बाय १०८० आणि ३० फ्रेमच निघाली का ते बघा.

वेळ पण मोजा. भाच्याला दोन मिनिटांना साडेतीन मिनिटं लागली, म्हणजे १२ मिनिटांच्या व्हिडिओला २१ मिनिटं. एक्स्पोर्टच्या मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून हा आकडा माहीत पाहिजे, भारनियमनाची वेळ टाळून लावता येतं. शॉटकटच्या एक्स्पोर्टमध्ये `Use hardware encoder` असा टिक आहे, तो लावल्यावर त्याचं जवळजवळ निम्म्या वेळात झालं. दर्जा किंचित पडतो, पण केळीच्या बागेत मला तरी फरक दिसला नाही.

सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तयार संगीताचं आणि स्टिकरचं पण इथेच बघा. सॉफ्टवेअर फुकट म्हणजे त्यातलं गाणं कुठेही वापरायला फुकट असं नसतं, काहींच्या अटीत फक्त खासगी वापर असं लिहिलेलं असतं, आणि भाच्याला उद्या रोपवाल्याची जाहिरात मिळाली तर तो धंदा झाला. शॉटकट आणि केडेनलाईव्हबरोबर गाणी येतच नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच नाही, त्याने यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घेतलं. तुम्ही बनवलेल्या व्हिडिओवर ही दोन्ही सॉफ्टवेअर कसला हक्क सांगत नाहीत.

घर बदलून बघा

शेवटची परीक्षा कोणीच घेत नाही आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना नडते. प्रोजेक्टची फाईल म्हणजे व्हिडिओ नव्हे, ती नुसती यादी असते, अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप इथून इथपर्यंत. क्लिप हलवली की यादी आंधळी. म्हणून हे करा: एक फोल्डर घ्या, त्यात क्लिप, आवाज, फोटो आणि प्रोजेक्ट फाईल सगळं ठेवून काम करा, मग अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर, मित्राचा असेल तरी चालेल, उघडा. शॉटकटची `.mlt` फाईल क्लिप त्याच फोल्डरमध्ये असतील तर बरोबर शोधते, आणि हरवल्या तर कोणत्या हरवल्या त्यांची यादी दाखवून नवीन जागा विचारते. केडेनलाईव्हमध्ये `Archive Project` आहे, ते इकडेतिकडे पसरलेल्या क्लिप स्वतःच गोळा करून एका जागी बांधून देतं, ही त्याची जमेची बाजू. रिझॉल्व्ह तुमचं प्रोजेक्ट साध्या फाईलमध्ये न ठेवता स्वतःच्या लायब्ररीत ठेवतं, त्यामुळे नुसता फोल्डर कॉपी करून भागत नाही, `Export Project Archive` करावं लागतं. हे माहीत नसताना विंडोज फॉरमॅट मारणाऱ्याचं सगळं जातं.

भाच्याने पहिल्यांदा क्लिप डाउनलोड फोल्डरमध्येच ठेवल्या होत्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळ्या क्लिप गायब. मग फोल्डरची पद्धत ठरवली, दर व्हिडिओला तारखेचा एक फोल्डर आणि त्याच्या बाहेर काही नाही.

नवीन व्हर्जनचं पण इथेच येतं. एकदा नव्यात सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडेलच असं नाही, रिझॉल्व्हची लायब्ररी तर नव्यात नेली की जुन्याला वाचताच येत नाही. तेव्हा अर्धवट काम असताना अपडेट करू नका, आणि जे व्हर्जन चालतंय त्याचा इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये जपून ठेवा.

भाच्याने शेवटी शॉटकट घेतलं. केडेनलाईव्ह टायटलमध्ये आणि क्लिप गोळा करण्यात सरस वाटलं, पण त्याच्या लॅपटॉपवर शॉटकट हलकं चाललं आणि फोनची फाईल ओळखून विचारणं त्याला कामाचं होतं. तुमच्या फोनवर आणि लॅपटॉपवर निकाल उलटा लागू शकतो. शॉटकटमध्ये त्याला अडतंय ते वाऱ्याचा आवाज, फिल्टरने थोडा कमी होतो पण पूर्ण जात नाही, त्यावर दोनशे-तीनशेचा कॉलर माईक आणि त्यावर फोमची टोपी हाच उपाय. आणि दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायची वेळ आली तर रॅम वाढवून रिझॉल्व्हकडे वळेल, तेव्हा जुने प्रोजेक्ट तिकडे उघडणार नाहीत हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, म्हणून तो प्रत्येक व्हिडिओची बिनटायटलची, बिनसंगीताची एक प्रत वेगळी एक्स्पोर्ट करून ठेवतो. परवा फोन आला, आवाज बरोबर होता, आता म्हणे चित्रात कॅमेऱ्यावर चिकाचा डाग पडलाय, तो कसा काढायचा. म्हटलं तो लेन्सवरून फडक्याने काढ.